भाड्याच्या सूचनेचे तीन कागद

टेमघरला आमच्या घरामागे अकरा खोल्यांची बैठी चाळ आहे, पत्र्याची. मी लग्न होऊन आले तेव्हा सहाच खोल्या होत्या, पाच नंतर वाढल्या. त्या अकरा खोल्यांचं भाडं गोळा करणं हे सासऱ्यांचं काम. त्यात घरातल्या कोणी कधी हात घातला नाही. प्रत्येक भाडेकरूकडे एक छोटी वही असायची. आबा दारात जाऊन उभे राहायचे, पैसे घ्यायचे, वहीत महिना लिहून सही करायचे, आणि मग अर्धा तास तिथेच गप्पा मारत बसायचे. अकरा खोल्यांना त्यांना पंधरा-सोळा दिवस लागायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी दुसरं काय करणार, जातात निवांत.

पत्रे गळायला लागले म्हणून वर स्लॅब टाकायचा विषय निघाला आणि त्यासाठी कर्ज काढायचं ठरलं. बँकेतल्या साहेबांनी कागद उलटसुलट पाहिले आणि आमच्या ह्यांना विचारलं, "अकरा खोल्यांचं भाडं येतं म्हणता, पण ते दिसतं कुठे?"

कुठेच दिसत नव्हतं. ते आबांच्या बंडीच्या खिशात यायचं आणि घरात खर्च व्हायचं.

"सहा महिने तरी भाडं खात्यात जमा होऊ द्या," साहेब म्हणाले, "मग आपण बोलू. आणि जागा ज्यांच्या नावावर आहे, त्यांच्याच खात्यात."

जागा सासूबाईंच्या नावावर होती. त्यांच्या वडिलांना मुलगा नव्हता, त्यांनी दोन मुलींना जमीन वाटून दिली होती आणि हा तुकडा आईंच्या वाट्याला आला होता. हे मला ऐकून माहीत होतं, पण चाळ म्हटली की माझ्याही डोळ्यांपुढे आबाच यायचे. आईंचं खातं होतं, गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेलं. पासबुक देव्हाऱ्याखालच्या खणात पडलेलं होतं.

भाडेकरूंना कळवायचं काम माझ्यावर आलं. मी एका मराठी शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. पालकसभेची सूचना, फी भरण्याची सूचना, सुट्टीची सूचना, सगळ्या माझ्याच हातच्या. ह्यांनी सांगितलं, "तुझ्या डाव्या हातचा मळ आहे तो. लिही एक आणि लाव नळाजवळ."

मलाही तसंच वाटलं. शाळेतून आल्यावर चहा घेता घेता दहा मिनिटांत लिहून टाकलं. वर मोठ्या अक्षरात 'नोटीस'. खाली: 'सर्व भाडेकरूंना या नोटिशीद्वारे सूचित करण्यात येते की, पुढील महिन्यापासून खोलीभाडे रोखीने स्वीकारले जाणार नाही. सदर भाडे बँक खात्यात जमा करावे. खात्याचा तपशील व पावतीबाबतची व्यवस्था यथावकाश कळविण्यात येईल. याची सर्वांनी गंभीरपणे नोंद घ्यावी.' शेवटी 'आदेशावरून' लिहून मी सही करणार होते. पण कोणाच्या आदेशावरून, हे मलाच सुचेना, म्हणून ते तसंच सोडलं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नळाजवळच्या भिंतीवर चिकटवला.

दोन दिवस कोणी काही विचारायला आलं नाही. मला वाटलं, समजलं सगळ्यांना.

तिसऱ्या दिवशी चार नंबरची बाई दारात आली. तिचा नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला, माणसं मूळची तेलंगणाकडची. ती घरी बसून कापडाचे धागे कापायचं काम करते. एरवी हसतमुख बाई, पण त्या दिवशी पदर डोक्यावर घेऊन खालमानेने उभी राहिली.

"भाभी, कमरा कब तक खाली करना है?"

मी गोंधळून गेले. "कोणी सांगितलं खाली करायला?"

"वो कागज लगाया ना. बच्चों की परीक्षा है. परीक्षा तक रहने दो."

मी तिला आत बसवलं. हळूहळू कळलं की चाळीत दोन दिवस तेच चाललं होतं. आमच्या भागात भिंतीवर 'नोटीस' लिहिलेला कागद लागला की तो एकाच कामासाठी लागतो. पावसाळ्याआधी जुन्या इमारतींवर महापालिकेचे कागद लागतात, धोकादायक आहे, रिकामी करा. लोकांनी वरचा एक शब्द वाचला आणि 'भाडे स्वीकारले जाणार नाही' एवढं वाचलं. मालक भाडं घेत नाही म्हणजे मालकाला माणूस नको आहे. त्यात आम्ही स्लॅबच्या मापासाठी गवंड्याला आणलं होतं, तेही त्यांनी पाहिलं होतं. आठ नंबरवाल्याने तर धामणकर नाक्याजवळ दुसरी खोली बघून ठेवली होती.

मी कागदापाशी जाऊन तो पुन्हा वाचला. मी कोणाला जा म्हटलं नव्हतं. पण आता वाचताना मलाही तो कागद 'जा' म्हणतोय असंच वाटायला लागलं. मी तो काढून घेतला.

आबा ओट्यावर बसून हे बघत होते. बँकेचं ठरल्यापासून ते कोणाशी धड बोलत नव्हते.

"मना इचारलं असतं तर सांगितलं असतं," ते म्हणाले. "कागद कशाला लागतोय? मी जाऊन तोंडानं सांगितलं असतं."

"मग सांगा ना, आबा."

"आता न्हाय. आता तुमचा कागद हाय."

दुसरा कागद मी मन लावून लिहिला. ह्यांना शेजारी बसवलं. 'नोटीस' शब्द काढून वर लिहिलं, 'भाडं आता बँकेत भरायचं'. पहिल्याच ओळीत लिहिलं की कोणालाही खोली सोडायची नाही, भाडं वाढलेलं नाही, डिपॉझिटला हात लागलेला नाही. मग आईंचं पूर्ण नाव, खाते क्रमांक, बँक, शाखा, आयएफएससी कोड. पाच तारखेच्या आत भरावं. भरल्यावर पावती मिळेल. सगळं शुद्ध मराठीत, वळणदार अक्षरात, आकडेसुद्धा मराठी. शाळेत मुख्याध्यापकांचा आग्रह असतो की मराठी कागदावर इंग्रजी आकडा दिसू नये. तोच हात पडलेला.

ह्यांनी वाचून मान डोलावली. "आता कोणाला कळणार नाही असं काही राहिलं नाही."

कागद लागला. महिना उजाडला. आणि मग जे सुरू झालं, त्याचा अर्थ लावता लावता माझे आठ-दहा दिवस गेले.

आईंकडे बटणांचा साधा फोन आहे. त्यावर बँकेचे मेसेज यायचे. आईंना अक्षरं येत नाहीत, त्यामुळे संध्याकाळी मी शाळेतून आले की त्या फोन माझ्या हातात द्यायच्या. पाच तारखेपर्यंत चार मेसेज आले. चारही वेळा रक्कम तीच, कारण सगळ्या खोल्यांचं भाडं एकच आहे. पण कोणत्या खोलीचं? मी ह्यांच्याकडून पासबुक भरून आणलं. त्यात दोन नावं ओळखीची होती. तिसरं नाव आमच्या चाळीत कोणाचंच नव्हतं, आणि चौथ्या नोंदीत नावाचा पत्ताच नव्हता, नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं. मी चाळीत जाऊन विचारत सुटले, "तुम्ही भरलं का? तुम्ही भरलं का?" ज्याला विचारावं तो म्हणे, भरलं. असं करता करता सात जणांनी भरलं म्हणून सांगितलं, आणि खात्यात तर चारच भाडी.

कोणीतरी खोटं बोलतंय असं मनात आलं, याची मला आज लाज वाटते.

तीन नंबरमध्ये मुरबाडकडचा एक शेतकरी माणूस राहतो, वळ गावच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतो. तो सरळ माझ्याशी भांडायलाच आला.

"वहिनी, पाच तारीख कुठनं काढली तुम्ही? आमचा पगार धा तारखेला होतो. आबा बारा तारखेला यायचे. कवा उशीर केला का मी?"

"नाही केला."

"मग आता कागदावर पाच लिवलंय म्हंजे मी थकबाकीदार झालो का?"

 मी पाच का लिहिलं होतं? शाळेची फी पाच तारखेच्या आत भरायची असते, म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं.

मी आबांकडे गेले. ते म्हणाले, "लूमवाल्यांचा पगार पंधरवड्यानं. सात-आठला एक, बाविसाला एक. गोदामवाल्यांचा धाला. नऊ नंबरची बाई घरकाम करती, तिला चार घरांतनं चार वेळा मिळतं, ती दोन हप्त्यांत देती. कुनाकडं कवा जायाचं ते माझ्या पायांना ठावं हाय." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

म्हणजे ते पंधरा-सोळा दिवस निवांतपणाचे नव्हतेच. ज्याच्या घरी ज्या दिवशी पैसे येतात, त्या दिवशी हा माणूस त्याच्या दारात असायचा. आम्ही एका घरात राहून हे कधी पाहिलं नव्हतं. 

नऊ तारखेला चार नंबरची बाई पुन्हा आली. या वेळी रडवेली. तिच्या नवऱ्याने एक दिवसाचं काम बुडवून बँकेत जाऊन पैसे पाठवले होते. मोबाइलवरून पाठवायला त्याला भीती वाटते, म्हणून शाखेत स्लिप भरून. त्याच्या खात्यातून पैसे कापले गेले होते. पासबुकात तशी नोंद होती. आमच्या खात्यात मात्र ते आले नव्हते.

"भाभी, पैसा गया कहाँ?"

मला काय माहीत कुठे गेले. मी तिच्याकडून स्लिपची प्रत घेतली आणि माझ्या कागदाशी ताडून पाहायला नळाजवळ गेले. ती माझ्या मागोमाग आली, आजूबाजूच्या खोल्यांतली माणसंही जमली. मी एकेक आकडा वाचू लागले. कागदावर चार, स्लिपवर आठ. कागदावर एक, स्लिपवर नऊ. तिसरा आकडा बरोबर. पुन्हा चार, तिथे पुन्हा आठ.

"तुम्ही हे आठ का लिहिलं?" मी विचारलं.

तिने माझ्या कागदावर बोट ठेवलं. "ये आठ ही तो है."

मी पाहिलं. मराठी चार. माझा वळणदार ४. क्षणभर तो मला तिच्या डोळ्यांनी दिसला, आणि खरंच तो इंग्रजी आठसारखा दिसत होता. आणि मराठी १ हा नऊसारखा. तिला मराठी आकडे येत नाहीत, नवऱ्यालाही येत नाहीत. त्यांच्याकडे शाळेत, लूमवर, बाजारात, सगळीकडे इंग्रजी आकडे. त्यांनी जे दिसलं ते प्रामाणिकपणे उतरवून घेतलं होतं, आणि बँकेतल्या माणसाने स्लिपवर होतं ते टाकलं होतं. खात्याचं नाव बरोबर होतं, पण पाठवताना यंत्रणा क्रमांकावर चालते.

मग सगळे एकेक करून बोलू लागले. सहा नंबरवाल्याने मोबाइलवरून दोनदा प्रयत्न केला होता, दोन्ही वेळा 'चुकीचा कोड' आलं. त्याचा फोन पाहिला तर कोडमधलं पाचवं अक्षर त्याने इंग्रजी ओ टाकलं होतं. ते शून्य असतं. माझ्या कागदावर ते गोल होतं, आता गोल म्हणजे काय समजायचं ते ज्याचं त्याने समजावं. आठ नंबरवाल्याने तर भरलंच नव्हतं, नुसतं 'भरलं' म्हणून सांगितलं होतं. का, विचारलं तर म्हणाला, "भाभी, उसमें किसी औरत का नाम है. हम समझे कोई फ्रॉड है. मालिक तो आबा हैं ना?"

"औरत म्हणजे आमच्या आई," मी म्हणाले. "जागा त्यांची आहे."

 आठ नंबरवाला हळूच म्हणाला, "अम्मा मालकिन हैं?"

बारा वर्षं तो त्या खोलीत राहतोय. आई रोज सकाळी त्याच्या दारावरून भाजीचा हारा घेऊन परसात जातात. मी मान हलवली, आणि मान हलवताना मलाही ते नवीन वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि चार नंबरच्या बाईबरोबर तिच्या नवऱ्याच्या बँकेत गेले. तिथल्या मुलीने खातं उघडून पाहिलं आणि म्हणाली, "त्या क्रमांकाचं खातंच नाही. पैसे त्याच दिवशी परत आलेत. पासबुक आधी भरलंत, म्हणून दिसत नाहीये." तिने पासबुक पुन्हा मशीनमध्ये घातलं, आणि कापलेल्या नोंदीखाली जमेची नोंद आली. बाईने पासबुक छातीशी धरलं. मी त्या मुलीला विचारलं, "आणि त्या क्रमांकाचं कोणाचं खातं असतं तर?"

"तर मग अर्ज करा, त्या माणसाने कबूल व्हायला पाहिजे, बराच ताप. आधी एक रुपया पाठवून बघायला सांगा सगळ्यांना. पोचला की बाकीचे."

रिक्षात परत येताना मी ती स्लिप पुन्हा उघडून पाहिली. एका ४ च्या वळणाने एखाद्याचं महिन्याचं भाडं भलत्याच माणसाच्या खात्यात गेलं असतं, आणि मी चाळीत फिरून त्यालाच विचारत बसले असते की भरलं का.

तिसरा कागद मी एकटीने लिहिला नाही. रविवारी सकाळी ओट्यावर सतरंजी टाकली आणि ज्याला वेळ आहे त्याने या म्हणून सांगितलं. चार नंबरची बाई, तीन नंबरचा गोदामवाला, आठ नंबरवाला आले. हे माझ्या शेजारी बसले. आई कधी नव्हे त्या पासबुक मांडीवर घेऊन मध्ये बसल्या. आबा आत पलंगावर होते, पण दार उघडं ठेवून.

"हप्त्यानं देणाऱ्यांचं काय लिवणार?" गोदामवाल्याने सुरुवात केली.

मी म्हणाले, "बारा तारखेपर्यंत लिहिते. ज्यांचा पगार बाविसाचा, त्यांची तारीख त्यांच्या नंबरापुढे वेगळी लिहिते. दोन हप्त्यांत चालेल."

"आन ज्याचं खातंच न्हाय?"

नऊ नंबरच्या बाईचं खातं नव्हतं. ते मी विचारातच घेतलं नव्हतं. शेवटी ठरलं की तिने आईंच्या शाखेत जाऊन भरणा स्लिपवर रोख भरायची, बँकेचा शिक्का मारलेला अर्धा भाग जपून ठेवायचा. घरी रोख मात्र कोणी द्यायची नाही, कोणी मागितली तरी नाही. खाते क्रमांक बदलला असा मेसेज आला तर मानायचा नाही, आमच्यापैकी कोणी दारात येऊन सांगेल तेव्हाच खरं. आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, आम्ही तो कधीच मागणार नाही.

"मेसेज आया ना पैसे कटने का," आठ नंबरवाला म्हणाला, "वही पावती हुआ ना?"

"नाही," मी म्हणाले. "तो तुमचे पैसे निघाल्याचा मेसेज. चार नंबरला आला होताच की. पावती आमच्याकडे पोचल्याची."

"फिर आपकी पावती कब? आबा तो हाथ के हाथ देते थे."

हाच प्रश्न मी आदल्या कागदावर 'पावती मिळेल' या दोन शब्दांत उरकला होता. कोण देणार, कधी देणार, कुठे. मी ह्यांच्याकडे पाहिलं.  भाडं घेतलं की पावती द्यायचीच असते, कायद्यानेही. पण सही कोणाची? माझी? त्यांची?

"मी करीन," आई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. खातं उघडताना त्यांना सही शिकवली होती, पाच अक्षरं, ती त्या हात दाबून काढतात. "मना येती," त्या पुढे म्हणाल्या. "दर आयतवारी. खात्यात आलं का सून बघल, मंग मी सही करीन."

मग खाते क्रमांक लिहायची वेळ आली. मी या वेळी इंग्रजी आकडे काढले, मोठे, चार-चारचे गट करून, शून्याखाली मराठीत 'शून्य' लिहून. लिहून झाल्यावर ह्यांनी कागद हातात घेतला, "ठीक आहे" म्हणाले. आई म्हणाल्या, "थांब." त्यांनी पासबुक डोळ्यांजवळ धरलं आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणायला लागल्या. अक्षरं येत नसली तरी आकडे त्यांना येतात, लहानपणी बाजारात भाजी विकलेली. चार नंबरची बाई माझ्या कागदावर बोट सरकवत तेलुगूत तोच आकडा पुटपुटत होती. दहाव्या आकड्याला दोघी थांबल्या.

"सात," आई म्हणाल्या.

"एक," ती हिंदीत म्हणाली.

मी वाकून पाहिलं. माझ्या सातची आडवी रेघ इतकी लहान झाली होती की तो एकच दिसत होता. ह्यांनी नुकताच 'ठीक आहे' म्हटलेला कागद मी फाडला आणि पुन्हा लिहायला घेतला.

शेवटी जो कागद झाला, तो मला आजही सूचना वाटत नाही, बोलल्यासारखाच वाटतो. 'खोली कोणी सोडायची नाही. भाडं तेवढंच आहे. पुढच्या महिन्यापासून ते रोख न देता आईंच्या खात्यात भरायचं. जागा त्यांच्या नावावर आहे, म्हणून खात्यावर नाव त्यांचं दिसेल. आधी एक रुपया पाठवा. पोचला असं सांगितल्यावर बाकीचे पाठवा. पाठवताना शेऱ्यात खोली नंबर आणि महिना लिहा. दुसऱ्याच्या खात्यातून पाठवलं तर आम्हाला सांगा. पैसे कापले पण आम्हाला पोचले नाहीत, तर दुसऱ्यांदा पाठवू नका, आधी या. या महिन्याचं ज्यांचं राहिलं आहे, त्यांनी ते घाबरून भरू नये, पुढच्याबरोबर दोन्ही भरावं. पावती दर रविवारी सकाळी ओट्यावर, आईंच्या सहीची.' खाली तेच हिंदीत. हिंदी आठ नंबरवाल्याने सांगितलं, मी लिहिलं. तेलुगूत लिहायला कोणी नव्हतं, ते चार नंबरची बाई तोंडी सांगणार होती.

आबांना कागद वाचून दाखवला. ते ऐकत होते. 'जागा त्यांच्या नावावर आहे' इथे त्यांनी पापणी हलवली नाही. सगळं झाल्यावर एवढंच म्हणाले, "नऊ नंबरच्या बाईला बँकेत कोन नेनार? तिला घाबरायला होतं."

"तुम्ही न्याल का?"

 पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला सकाळी ते धुतलेला सदरा घालून बाहेर पडले, आणि ती त्यांच्या मागे चार पावलं अंतर ठेवून चाललेली मी पाहिली.

दुसऱ्या महिन्यात एक-एक रुपयाचे मेसेज आले. आईंचा फोन दिवसभर टुणटुण वाजत होता आणि प्रत्येक वेळी त्या हात पुसून फोन घेऊन माझ्यासाठी जपून ठेवायच्या. बावीस तारखेपर्यंत अकराही खोल्यांचं आलं. एकाने शेऱ्यात खोली नंबरऐवजी 'राम राम' लिहिलं होतं, त्याला शोधायला अर्धा दिवस गेला. रविवारी ओट्यावर आई पावत्यांवर सह्या करतात. एका सहीला दोन मिनिटं लागतात आणि लोक थांबतात. आबा शेजारी बसून प्रत्येकाची विचारपूस करतात, मुलाच्या परीक्षेपासून गावच्या भातापर्यंत. भाडं आलं का, हे मात्र ते विचारत नाहीत. मला कळत नाही की त्यांना राग आहे की नाही. मी एकदा विचारणार होते, पण काय विचारायचं हेच नीट जुळेना.

कर्जाचं अजून काही झालेलं नाही. सहा महिन्यांतले चार झालेत, आणि तो साहेब बदलून गेलाय असं ऐकतेय.

गेल्या आठवड्यात मी पासबुक भरून आणलं, तर त्यात एक नोंद पैसे काढल्याची होती. दोन हजार. मी ह्यांना विचारलं, त्यांनी काढले नव्हते. आबांना तर बँकेतला फॉर्मही भरता येत नाही. मी स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होत्या.

"आई, तुम्ही बँकेत गेला होता?"

"गेलेली," त्या म्हणाल्या. "शेअर रिक्षानं नाक्यापर्यंत. मंग चालत. तिथल्या पोरीनं फारम भरून दिला, मी सही केली."

"कशासाठी काढले?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं, आणि माझ्याकडे बघून हसल्या.   पुन्हा विचारावं की नको, आणि खातं त्यांचं असताना विचारायचा मला काय अधिकार, हे काही मला ठरवता येईना. मग मी दुसरी परात ओढली आणि पिठात पाणी घालायला घेतलं.